पहिल्या सिझेरियनची कैफियत

दुसऱ्या खेपेला गरोदर असलेली बाई तपासणीच्या मेजासमोर येऊन बसते, प्लॅस्टिकच्या पिशवीतून जुने कागद काढते, आणि पहिले सिझेरियन कशासाठी झाले होते असे विचारले असता बहुधा तिच्याऐवजी शेजारी बसलेली सासू किंवा आईच उत्तर देते : “पाणी कमी झालं होतं,” किंवा “बाळानं पोटात शी केली होती,” किंवा “नाळेचे दोन वेढे होते,” नाहीतर नुसतेच, “डॉक्टर म्हणाले, आता थांबता येत नाही.” कार्ड उघडून पाहावे तर तेथे एल.एस.सी.एस. एवढी चार अक्षरे, तारीख, बाळाचे वजन, टाके काढण्याचा दिवस आणि गोळ्यांची यादी असा मजकूर असतो. ज्या एका ओळीवर दुसऱ्या बाळंतपणाचा निर्णय अवलंबून असतो ती ओळ, म्हणजे शस्त्रक्रियेचे कारण, तेवढी नसते. या लेखात जे सांगायचे आहे ते त्या गाळलेल्या ओळीविषयीच आहे. कारण पोट उघडून मूल काढावे लागले ही घटना एकच असली, तरी ते का काढावे लागले, कोणत्या घडीला काढावे लागले आणि गर्भाशयावर छेद कसा घेतला गेला, या तीन गोष्टींवरून एकीची पुढची वाट दुसरीहून अगदी वेगळी होते.

कारणांचे दोन वर्ग मनाशी धरले म्हणजे पुष्कळसा गोंधळ नाहीसा होतो. काही कारणे त्या एका गर्भारपणापुरती असतात, बाळाबरोबरच संपतात. काही मात्र स्त्रीच्या शरीराची असून पुन्हा उद्भवू शकतात. मूल पायाळू असणे हे पहिल्या वर्गातले ठळक उदाहरण. पायाळू माणसाची लाथ पाठीतल्या उसणीवर गुणकारी असते असे आपल्याकडे समजतात, परंतु जन्मतेवेळी मात्र हे मूल स्वतःच अडचणीत असते, कारण शरीराचा मऊ भाग आधी बाहेर येतो आणि सर्वांत मोठा व कठीण भाग, म्हणजे डोके, शेवटी अडकण्याचा धोका राहतो. सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारास पोटावरून हातांनी मूल फिरवून डोके खाली आणण्याचा एक जुना आणि सुरक्षित उपाय आहे, व तो सुमारे निम्म्या वेळा साधतो. तो साधला नाही, किंवा करून पाहिलाच नाही, तर सध्याच्या रिवाजानुसार बहुधा शस्त्रक्रिया ठरते. पुढचे मूल डोके खाली करून बसले की हे कारण उरत नाही. गर्भाशयाच्या तोंडावर वार येऊन बसणे, नाळ मुलाच्या आधी बाहेर सरकणे, वार वेळेआधी सुटून रक्तस्राव होणे, मूल आडवे असणे, जुळ्यांपैकी पहिल्याचे डोके वर असणे, ही कारणेही बहुतांशी प्रसंगाचीच; त्यांत शस्त्रक्रियेच्या आवश्यकतेविषयी क्वचितच वाद उत्पन्न होतो.

वाद उत्पन्न होतो तो दोन मोठ्या कारणांविषयी, आणि पहिलटकरणींची बहुतेक सिझेरियने याच दोन सदरांखाली नोंदलेली असतात : प्रगती थांबली, आणि बाळाचे ठोके बिघडले.

प्रगती थांबली म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासारखे आहे. कळांनी गर्भाशयाचे तोंड हळूहळू उघडत दहा सेंटिमीटरपर्यंत जाते. परंतु ही चाल आरंभापासून सारख्या वेगाने होत नाही. पहिले चार-पाच सेंटिमीटर उघडायला कित्येक तास, कधी रात्र आणि दिवस लागतो, कळा येतात आणि मंदावतात, आणि हे सर्व स्वाभाविक असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली पाच सेंटिमीटरनंतरचा काळच खऱ्या जोमाच्या कळांचा म्हणून धरावा असे सुचविले, तेही याच कारणासाठी. तेव्हा तीन सेंटिमीटरवर “प्रगती नाही, हाडं अरुंद आहेत” असा निकाल देऊन केलेले सिझेरियन म्हणजे फिर्याद दाखल होण्याआधीच सुनावलेली शिक्षा होय. कटीची हाडे त्या मुलाला पुरेशी आहेत किंवा नाहीत याची परीक्षा जोरदार कळा, उघडलेले तोंड आणि फुटलेली पाणमोट यांच्यासहच होते. बाहेरून उंची पाहून किंवा केवळ सोनोग्राफीतल्या अंदाजी वजनावरून होत नाही. याउलट सात-आठ सेंटिमीटरवर, चांगल्या कळा असताना चार-चार तास काहीच हलले नाही, किंवा तोंड पूर्ण उघडून दोन-तीन तास जोर लावूनही डोके उतरले नाही, तर तो खरा अडथळा. म्हणून ‘प्रगती थांबली’ या दोन शब्दांपुढे किती सेंटिमीटरवर व किती तास हे लिहिलेले नसेल, तर त्या नोंदीचा पुढच्या डॉक्टरला विशेष उपयोग होत नाही.

ठोक्यांचे सदरही असेच तपशिलाची अपेक्षा करणारे आहे. कळ येताच ठोके उतरणे आणि कळ ओसरताच पूर्ववत होणे हे पुष्कळदा निरुपद्रवी असते. कळ ओसरून गेल्यावरही ते खालीच राहिले, तर वारेतून पुरेसा प्राणवायू पोहोचत नसावा असा संशय घ्यावा लागतो. बाळाने पोटात शी केली हे सावध होण्याचे चिन्ह आहे, तेवढ्यावरून शस्त्रक्रिया करण्याचे नव्हे. आणि नाळेच्या वेढ्याविषयी तर एवढेच सांगितले पाहिजे की जन्मलेल्या चार-पाच बाळांपैकी एकाच्या गळ्याभोवती तो सापडतोच, सुईण वा डॉक्टर बोटाने तो सोडवतात, आणि सोनोग्राफीत दिसलेला वेढा हे स्वतः शस्त्रक्रियेचे कारण ठरत नाही. तरी आपल्या घराघरांतून त्याला मिळालेले महत्त्व पाहिले म्हणजे हा शब्द समजावून सांगण्याचा त्रास वाचवीत असावा असे वाटल्यावाचून राहत नाही.

आता ठरवून केलेले आणि तातडीचे यांतील भेदाकडे वळू. ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारताच धावपळ डोळ्यांपुढे उभी राहते, परंतु वैद्यकाच्या भाषेत कळा सुरू झाल्यानंतर किंवा ठरलेल्या तारखेआधी घ्यावा लागलेला बहुतेक प्रत्येक निर्णय त्याच सदरात जातो. ब्रिटनमध्ये यासाठी चार श्रेणी मानतात : आईच्या वा मुलाच्या जिवाला तत्काळ धोका असेल तर निर्णयापासून ३० मिनिटांच्या आत मूल बाहेर यावे; त्रास आहे परंतु जिवावर बेतलेले नाही तर ७५ मिनिटांच्या आत; तिसरीत प्रसूती लवकर व्हावी एवढेच; आणि चौथी म्हणजे सोयीने ठरवलेली तारीख. आठ सेंटिमीटरवर अडलेली प्रसूती बहुधा दुसऱ्या श्रेणीत पडते, म्हणजे अशा वेळी नवऱ्याला कारण समजावून सांगण्यास आणि बाईच्या दोन प्रश्नांना उत्तर देण्यास डॉक्टरजवळ वेळ असतो. नाळ खाली सरकली असेल तर मात्र तो नसतो, आणि तेव्हा प्रश्न विचारीत दारात उभे राहू नये.

ठरवलेल्या शस्त्रक्रियेत रात्रीपासून पोट रिकामे असते, मणक्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, बाई जागी असते. ओढाताण जाणवते, वेदना जाणवत नाही. पाच-दहा मिनिटांत मूल बाहेर येते आणि उरलेला अर्धा-पाऊण तास टाके घालण्यात जातो. तातडीच्या शस्त्रक्रियेतही कृती हीच, परंतु पोटात अन्न असू शकते, पाणमोट फुटून बराच वेळ लोटला असेल तर जंतुसंसर्गाचा संभव वाढतो, आणि तोंड पूर्ण उघडल्यावर डोके खोल रुतलेले असेल तर ते वर ओढताना गर्भाशयाचा छेद बाजूला किंवा खाली फाटू शकतो. ही शेवटची गोष्ट पुढच्या खेपेसाठी फार महत्त्वाची असून ती बाहेरच्या व्रणावरून कधीच कळत नाही.

ठरवायचे असेल तर ३९ आठवडे पुरे झाल्यावर ठरवावे. कळांच्या दरम्यान मुलाच्या फुप्फुसांतील पाणी शोषले जाण्याची क्रिया चालू होते. कळांवाचून आणि त्यातही सदतीस-अडतीस आठवड्यांना काढलेल्या मुलाला श्वासाची धाप लागून काचेच्या पेटीत राहावे लागण्याचे प्रमाण स्पष्टपणे अधिक असते. मुहूर्त काढून आणणाऱ्या आजोबांशी माझे भांडण नाही. एकोणचाळीस आठवड्यांपुढचा, आणि भूलतज्ज्ञ व नवजात शिशूंचे डॉक्टर हजर असतील अशा दिवसाउजेडीचा मुहूर्त त्यांनी काढावा. अडतिसाव्या आठवड्यातला पहाटे चारचा अमृतयोग मात्र रुग्णालयाने नम्रपणे नाकारावा हेच उचित.

एकदा सिझेरियन झाले की नेहमीच सिझेरियन, हे वाक्य आपल्याकडे वेदवाक्यासारखे चालते. त्याचा उगम १९१६ सालचा असून ते न्यूयॉर्कचे डॉक्टर एडविन क्रॅगिन यांचे आहे. पण त्यांचा रोख पहिले सिझेरियन विचार करूनच करावे या सावधगिरीकडे होता, आणि त्या काळी गर्भाशय वरच्या, जाड व जोराने आकुंचन पावणाऱ्या भागात उभे चिरीत असत. असा व्रण पुढच्या कळांत फाटण्याची भीती खरीच होती. पुढे ग्लासगोचे मनरो कर यांनी १९२०च्या दशकात खालच्या पातळ भागात आडवा छेद घेण्याचा हिरिरीने पुरस्कार केला. हा भाग कळांत जोराने आकुंचन पावत नाही आणि व्रणही अधिक बळकट भरतो. आज जवळजवळ सर्वत्र हाच छेद घेतात, आणि कार्डावरची ती चार अक्षरे त्याचीच होत. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावी : कातडीवरचा व्रण आडवा असला म्हणजे आतलाही आडवाच असेल असे नाही. फार अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी, आडव्या मुलासाठी किंवा वार वाटेत असल्यास बाहेरून आडवा आणि आत उभा असा छेद घ्यावा लागतो, आणि तो घेतला असल्यास पुढे कळांची वाट पाहणे योग्य नसते.

हे सर्व प्रत्यक्षात कसे उतरते ते एका उदाहरणावरून पाहू. चिंचवडला राहणारी एक स्त्री. पहिले मूल पायाळू, म्हणून ३९ आठवड्यांना ठरवून सिझेरियन, आतला छेद खाली आणि आडवा, फाटला नाही, ताप आला नाही. तीन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. छत्तिसाव्या आठवड्यात मुलाचे डोके खाली आहे, वार वर आहे. तिने विचारले, “या वेळी नॉर्मल होईल का?” अशा स्त्रियांनी कळांची वाट पाहिली तर साधारणपणे चारांपैकी तिघी योनिमार्गे प्रसूत होतात, पूर्वी एकदा तरी नैसर्गिक बाळंतपण झालेले असेल तर हे प्रमाण त्याहूनही चांगले, आणि पहिले सिझेरियन आठ सेंटिमीटरवर अडल्याने झाले असेल तर काहीसे कमी. धोका आहे तो व्रण उसवण्याचा, आणि तो सुमारे दोनशे बायकांत एकीला येतो. कळांआधीच ठरवून दुसरे सिझेरियन केले तर तो दहा हजारांत दोनहूनही कमी असतो. दोनशेत एक हा आकडा लहान आहे, परंतु ती एक जर आपण असलो तर अर्ध्या तासाच्या आत पोट उघडले गेले पाहिजे. म्हणून या बाबतीत पहिला प्रश्न बाळंतपण कोठे, हा येतो.

या बाईचे माहेर खटाव तालुक्यात. तेथील रुग्णालयात बाळंतपणे होत, परंतु भूलतज्ज्ञ बोलावणे पाठवल्यावर साताऱ्याहून येई, आणि रक्तही तिकडूनच आणावे लागे. तेव्हा दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी जाण्याचा बेत तहकूब करून आईलाच चिंचवडला बोलावण्यात आले. भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय रात्रंदिवस असलेल्या रुग्णालयात नाव नोंदवले. कळा आपसूक येऊ द्याव्यात, पाणी गेले किंवा कळा सुरू झाल्या की घरी न थांबता यावे, आणि ४१ आठवडे होऊनही काही झाले नाही तर पुन्हा बसून विचार करावा, असे ठरले. हे शेवटचे कलम गौण नव्हे. औषधाने कळा आणल्या तर व्रण उसवण्याचा संभव दोन-तीन पटींनी वाढतो. तोंड नरम करण्यासाठी फुगा वापरणे त्या मानाने सौम्य, आणि मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या जुना व्रण असलेल्या बाईला पूर्ण दिवसांवर देऊ नयेत.

एकोणचाळिसावा आठवडा संपून चार दिवस झाले तेव्हा रात्री दोनला कळा सुरू झाल्या. पहाटे पाचला ती दाखल झाली, तोंड तीन सेंटिमीटर. शिरेत सुई लावली, रक्तगटाची खातरजमा करून रक्त राखून ठेवले, आणि पोटावर पट्टा बांधून ठोक्यांची नोंद अखंड चालू केली. दहाला सहा सेंटिमीटर, दीडला आठ, तीनला पूर्ण. चार वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली, वजन ३ किलो १०० ग्रॅम. वेदना असह्य झाल्यास कमरेतून भूल घेण्यास तिला मुभा होती. व्रण उसवल्याचे कळणारच नाही या भीतीने ती नाकारण्याचे कारण नाही, कारण ते बहुधा आधी ठोक्यांतच दिसते.

ठोके एकाएकी उतरून वर न येणे हेच सर्वांत पहिले आणि सर्वांत विश्वासार्ह चिन्ह होय. त्याखेरीज दोन कळांच्या मध्येही न थांबणारी ओटीपोटातील वेदना, चांगल्या चाललेल्या कळा अकस्मात बंद पडणे, खाली उतरलेले डोके पुन्हा वर गेलेले हाताला लागणे, रक्तस्राव, लघवीत रक्त, आईची नाडी वाढत जाणे ही इतर चिन्हे. सर्व एकदम दिसतील अशी अपेक्षा करीत बसू नये. कळांत पोट दुखणारच, म्हणून नातेवाइकांनी तिची कुरकूर हसण्यावारी नेऊ नये. “कळ गेली तरी दुखतंय” हे तिचे शब्द ताबडतोब परिचारिकेच्या कानी घालावेत. आणि सहा-सात सेंटिमीटरवर चार तास काही हलले नसते, तर तिच्या बाबतीतही वाट न पाहता सिझेरियनच करायचे असे आधीच ठरले होते. जुन्या व्रणावर अडलेली प्रसूती फार काळ ताणणे हाच उसवण्याचा एक मार्ग आहे. अशा फसलेल्या प्रयत्नानंतरच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक होतात, हा तिघींच्या यशासाठी चौथीला पडणारा भुर्दंड होय, आणि तो आधी सांगितला पाहिजे.

ज्यांच्या गर्भाशयावर उभा छेद आहे, ज्यांचे गर्भाशय पूर्वी एकदा फाटले आहे, किंवा ज्यांची वार वाटेत आहे, त्यांनी हा मार्ग धरू नये. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल तर धोका वाढतो हेही मोजावे. आणि सर्व काही अनुकूल असूनही ज्या बाईला दुसरे सिझेरियनच हवे असेल तिच्यावर नैसर्गिकपणाचे उपदेश लादू नयेत. तो तिचा अधिकार आहे. फक्त तिला आणखी किती मुले हवी आहेत हे आधी विचारावे, कारण प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा संभव वाढतो. एका सिझेरियननंतर पुढच्या खेपेस वार तोंडावर आली, तर शंभरांत सुमारे अकरा जणींत ती रुतलेली निघते. दोन सिझेरियनांनंतर हेच प्रमाण चाळिसाच्या घरात जाते, आणि अशा वेळी रक्तस्रावामुळे गर्भाशयच काढून टाकण्याची पाळी येऊ शकते. म्हणून व्रण असलेल्या प्रत्येक बाईच्या मधल्या महिन्यांतील सोनोग्राफीत वार व्रणावर आहे काय, हे स्पष्टपणे लिहून मागावे.

तेव्हा पहिल्या सिझेरियननंतर घरी जाण्याच्या दिवशी, बिलाचा हिशेब चालू असता, कार्डावर पुढील मजकूर आहे काय ते पाहावे : शस्त्रक्रिया कोणत्या कारणास्तव, कळा आल्या होत्या का, आणि त्या वेळी तोंड किती सेंटिमीटर होते, गर्भाशयावरचा छेद आडवा की उभा, आणि तो फाटून वाढला होता का, रक्त चढवावे लागले का, आणि नंतर ताप आला का. दहा मिनिटांचे काम आहे, आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर त्या दिवशी जागेवर असतो; तीन वर्षांनी दप्तर सापडेलच याची शाश्वती नसते. त्या पानाचे छायाचित्र नवऱ्याच्या आणि बाईच्या स्वतःच्याही मोबाइलमध्ये ठेवावे. कारण बाळंतीण माहेराहून सासरी जाते, कागदांची पिशवी मागे माहेरच्या कपाटात राहते, आणि दुसऱ्या खेपेला पहिला फोन तिकडेच करावा लागतो.